भाड्याच्या फ्लॅटमधल्या सामानाचा विमा: काढावा का, आणि कोणता? (चिपळूण)

रातांबा
नमस्कार मंडळी. मे अखेरीस नोकरीनिमित्त चिपळूणला बिऱ्हाड हलवतोय. शिव नदीपासून चालत पाच मिनिटांवर टू बीएचके मिळालाय, पहिला मजला. 11 महिन्यांचा करार, रीतसर नोंदणी झालेली. मालकांचं एक लोखंडी कपाट, हॉलमधला एसी आणि किचनची चिमणी तिथेच आहे, बाकी सगळं सामान आमचं. मालक म्हणतात, "बिल्डिंगचा विमा आहे, तुम्हाला काही करायला नको." ओळखीतल्या एजंटने 'होम पॅकेज' म्हणून वर्षाला 3,400 रुपये सांगितलेत. त्या बिल्डिंगच्या विम्यात आमचं सामान येतं का? येत नसेल तर नेमकं कोणतं कव्हर घ्यावं? आणि 3,400 हा आकडा बरोबर वाटतो का?

कोंबडा_आरवला
पैसे वाचवा. पुराला कंपन्या काही देत नाहीत, 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून हात वर करतात. पाणी भरलं की तलाठी पंचनामा करतो, सरकारी मदत येते. शिवाय पहिला मजला म्हणजे तुम्ही वरच आहात की.

फणसगरे
कोंबडा, तुमचं एक वाक्य बरोबर आहे, पंचनामा होतो. बाकीचं उलटं आहे.

रातांबा, आधी मालकांचं बोलणं. सोसायटीचा किंवा मालकांचा विमा असतो तो भिंती, स्लॅब, वायरिंग, नळकाम यांचा. त्यांचं कपाट आणि एसी त्यात असलं तर असेल. तुमची गादी, फ्रिज, लॅपटॉप त्यात नाहीत, कारण ती वस्तू गेली तर नुकसान मालकांचं होत नाही, तुमचं होतं. पॉलिसीवर ज्याचं नाव, त्याच्याच वस्तूचे पैसे. मालक खोटं बोलत नाहीयेत, त्यांना फरक माहीत नाही एवढंच.

कव्हरचं म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्यातली पॉलिसी आहे. मजकूर सगळीकडे तोच, हप्ता कंपनीप्रमाणे बदलतो. ती फक्त घरासाठी, फक्त सामानासाठी किंवा दोन्हींसाठी घेता येते. भाडेकरूने फक्त सामानासाठी घ्यायची. त्यात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणे, दरड कोसळणे, दंगल, आणि पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून वाहणे हे सगळं मुळातच आहे. पुरासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. म्हणजे 'नैसर्गिक आपत्ती म्हणून देत नाहीत' हे खरं नाही, याच पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीची यादी नावासकट छापलेली आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वतःचं घर विम्यात असलं तर सामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, कव्हर आपोआप मिळतं. भाडेकरूला हे आपोआप काही मिळत नाही. सामानाची रक्कम तुम्हीच लिहून द्यायची. एजंट लोक इथे चुकतात. त्यांच्या फॉर्मात 'बिल्डिंग' हा रकाना आधी येतो म्हणून तो भरून टाकतात, हप्ता फुगतो, आणि तुम्ही दुसऱ्याच्या भिंतींचा हप्ता भरत बसता.

मालगुंडकर_काकू
आमचं देवगडला आईवडिलांचं घर बंदच असतं, वर्षातून दोनदा जातो. गेल्या वर्षी कौलं उडाली. त्याला हीच पॉलिसी चालेल का?

फणसगरे
काकू, तुमचा विषय घरमालकाचा आणि तोही बंद घराचा, वेगळा धागा काढलात तर बरं. थोडक्यात एवढंच की घर सलग महिनाभर आणि त्याहून जास्त बंद राहतं हे प्रस्तावातच लिहा. ते लपवून काढलेली पॉलिसी नेमकी हवी त्या दिवशी अडते.

रातांबा
धन्यवाद फणसगरे. रक्कम कशी काढायची? घरात काय काय आहे ते रात्री बसून लिहिलं. आज नवीन घ्यायला गेलो तर काय पडेल या हिशेबाने (हजारात):

फ्रिज 27, वॉशिंग मशीन 20, टीव्ही 28, इन्व्हर्टर आणि बॅटरी 24, मिक्सर-शेगडी-प्युरिफायर मिळून 26, भांडी 30, पलंग-गाद्या-सोफा-लाकडी कपाट 85, कपडे 60, दोन लॅपटॉप 95. बेरीज 3 लाख 95 हजार. बायकोचे दागिने आणि स्कूटर यात धरलेली नाही.

फणसगरे
यादी चांगली आहे आणि आजच्या किमतीने केलीत हे योग्य. या पॉलिसीत सामानाची रक्कम नवीन वस्तू आणायला काय लागेल त्यावर ठरते, सात वर्षं वापरलेल्या फ्रिजच्या जुन्या किमतीवर नाही. चार लाख लिहा.

स्कूटर कधीच यात येत नाही, तिला गाडीचा विमा, आणि तोही फक्त थर्ड पार्टी असून चालत नाही. रोख, बँकेची कागदपत्रं, सर्टिफिकेटं येत नाहीत. दागिने साध्या सामानात धरत नाहीत, त्यांना मौल्यवान वस्तूंचं वेगळं ऐच्छिक कव्हर घेऊन आधी किंमत ठरवून घ्यावी लागते. दागिने लॉकरमध्ये असतील तर घराच्या पॉलिसीत त्यांच्यासाठी हप्ता भरू नका.

कोंबडा_आरवला
मग दोन लाखच लिहायचं ना? पहिल्या मजल्यावर पाणी आलं तरी गादी आणि सोफा भिजेल, टीव्ही भिंतीवर. चार लाखांचं नुकसान पुरात होणारच नाही.

फणसगरे
हा प्रश्न चांगला आहे, नेहमीच्या उत्तरापेक्षा थोडा खोल जातो.

पुष्कळ विम्यांत रक्कम कमी लिहिली की त्याच प्रमाणात क्लेम कापतात. भारत गृह रक्षामध्ये ही कापाकापी माफ आहे. म्हणजे सामान चार लाखांचं, रक्कम दोन लाखांची आणि पुरात 70 हजारांचं गेलं, तर 70 हजारांवरच हिशेब होतो, 35 हजारांवर नाही. पुरापुरतं बघितलं तर तुमचं चालून जाईल.

पण पूर खालून वर चढतो, आग सगळं एकदम घेते. किचनमधून लागलेली आग फ्लॅटभर पसरली तर चार लाख जातील आणि हातात दोन येतील. आणि हप्त्यातला फरक बघा. फक्त सामानाच्या या कव्हरला चार लाखांना वर्षाला काही शे रुपये पडतात. दोन लाख वाचवून त्यातले निम्मे वाचतील. त्यात दोन वेळा चहा-भजी होतील.

म्हणून 3,400 ऐकून मी थबकलो. त्यात बिल्डिंग असणार, नाहीतर चोरी, मशीन बिघाड आणि अपघाताचे भाग जोडलेले असणार. एजंटकडून भागवार फोड मागा: कोणत्या भागाला किती रक्कम आणि किती हप्ता, जीएसटी वेगळा दाखवून. एका ओळीचा आकडा घेऊ नका.

काजूबोंडू
चोरीचं काय? मला वाटायचं चोरी घरच्या विम्यात येतेच.

फणसगरे
भारत गृह रक्षामध्ये साधी घरफोडी येत नाही. विम्यातली घटना घडली आणि तिच्यामुळेच पुढच्या सात दिवसांत चोरी झाली, तरच ती येते. पुराच्या रात्री सगळे नातेवाइकांकडे गेले, दार फुगून बंद होईना, तिसऱ्या दिवशी कोणी सिलिंडर आणि मिक्सर उचलला, तर ते येतं. गणपतीत गावाला गेलात आणि कुलूप तोडून चोरी झाली, तर नाही.

त्यासाठी घरफोडीचा भाग वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचे नियम कडक. पहिलं, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते, म्हणजे तुटलेलं कुलूप, वाकवलेलं गज, उचकटलेली चौकट. दार उघडं राहिलं आणि लॅपटॉप गेला, तर बहुतेक ठिकाणी नाही. दुसरं, कमी रक्कम लिहिली तर कापायचा तो नियम इथे लागू शकतो. चार लाखांचं सामान दोन लाखांना लिहिलं आणि 60 हजारांची चोरी झाली तर 30 हजारच. कोंबडा, तुमची युक्ती इथे फसेल. तिसरं, एफआयआर लागतो, आणि तो लगेच.

चिपळुणात पहिल्या मजल्यावर, शेजार-पाजार असलेल्या इमारतीत हा भाग घ्यायचा का, हे ज्याचं त्याने बघावं. माझा कल पुराचं आणि आगीचं आधी, चोरीचं नंतर असा आहे.

काजूबोंडू
याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. कोकणात सुट्टीला घरं आठवडा-आठवडा बंद असतात. दोघं नोकरीवाले आणि दोन लॅपटॉप म्हणजे दिवसभरही घर रिकामं. चोरीचं कव्हर मी तरी सोडणार नाही.

सर्व्हे_सांगतो
मी सर्व्हेच्या कामात असतो, क्लेम कुठे अडतात तेवढंच लिहितो.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद 'पाणी' या एका शब्दावर होतो. पूर, म्हणजे बाहेरून साचून आत शिरलेलं पाणी, हे येतं. वरच्या फ्लॅटचा पाईप फुटून अचानक पाणी आलं, तेही येतं. पण भिंतीतून चार महिने हळूहळू मुरलेली ओल, त्याने कपाटात चढलेली बुरशी, कपड्यांवरचे काळे डाग, खारट हवेने गंजलेला वॉशिंग मशीनचा तळ, हे झीज म्हणून बाहेर राहतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे पचत नाही, पण पॉलिसी अचानक घडलेल्या घटनेची असते, हवामानाची नव्हे.

दोन्हीतला फरक भिंतीवर दिसतो. पुराचं पाणी आडवी रेघ सोडतं, सगळ्या खोल्यांत एकाच उंचीची, वर गाळाचा मातकट पट्टा. मुरलेली ओल छताच्या कोपऱ्यातून किंवा खिडकीखालून डागासारखी पसरते आणि रंगाचे पोपडे काढते. फ्रिज पुरात भिजला असेल तर मागे खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये गाळ सापडतो. तो ट्रे धुऊन ठेवला की आमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा गेला.

म्हणून पाणी ओसरल्यावर आधी फोटो, मग झाडू. भिंतीवरच्या रेघेला मोजायची टेप लावून फोटो घ्या, प्रत्येक खोलीत एक. प्रत्येक मशीनचा पूर्ण फोटो आणि मॉडेल-सिरीयल नंबरच्या पट्टीचा जवळून फोटो. मग कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या. त्यानंतर गाळ काढा, कपडे धुवा, गाद्या उन्हात टाका, यात थांबायचं कारण नाही, उलट नुकसान वाढू न देणं तुमचंच काम आहे. क्लेमचा फॉर्म 30 दिवसांत द्यायचा असतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. भिजलेलं मशीन 'चालतंय का बघू' म्हणून प्लगला लावू नका. आत पाणी असताना शॉर्ट झालं की ते मशीन पुराने गेलं की शॉर्टने, हा वाद उभा राहतो, आणि शॉर्ट सर्किटने त्या मशीनचं स्वतःचं झालेलं नुकसान या पॉलिसीत येत नाही. आणि भंगारवाल्याला काहीही देऊ नका. गाळाने भरलेला फ्रिज दारात नकोसा होतो, कळतं, पण पाहणीच्या आधी गेला तर 'होता' एवढंच म्हणायला उरतं. भंगाराची किंमत क्लेममधून वजा होते, तेही आधी माहीत असू द्या.

कोंबडा_आरवला
म्हणजे लाईट येताना व्होल्टेज वाढून टीव्ही उडाला तर शून्य?

सर्व्हे_सांगतो
या पॉलिसीत हो, शून्य. वळवात वीज जवळ पडली आणि वायरीतून झटका येऊन बोर्ड जळला, तरी त्या एका मशीनच्या बाबतीत हाच नियम आडवा येतो. त्यातून आग लागून शेजारचं सामान जळलं, तर ते शेजारचं येतं. झटक्यासाठी मशीन बिघाडाचं वेगळं कव्हर असतं, पण त्यात वस्तूच्या वयाची अट असते आणि वापरानुसार किंमत कापतात. टीव्ही-फ्रिज जुने असतील तर तो हप्ता स्टॅबिलायझरवर घाला.

रातांबा
पंचनाम्याबद्दल कोंबडा म्हणाले होते. तो कंपनीला पुरावा म्हणून चालतो का?

सर्व्हे_सांगतो
पुष्टी म्हणून चांगला. तुमच्या पत्त्यावर अमुक तारखेला पाणी भरलं हे त्यातून सिद्ध होतं. पण फ्रिज तुमचा होता आणि किती किमतीचा, हे पंचनामा सांगत नाही. त्यासाठी बिलं. कागदी बिलं खालच्या कप्प्यात ठेवली तर पुरात तीच आधी जातात, म्हणून फोटो काढून ईमेलवर टाका. बिल नसेल तर आत्ताच घरभर एक व्हिडिओ घ्या, कपाटं उघडून, आणि तो गावच्या कोणाला तरी पाठवून ठेवा, म्हणजे तारखेसकट राहतो.

फणसगरे
यात एक भर. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत पाणी चढलं तेव्हा माणसांना सामान उचलायला वेळ मिळाला नाही. 2005 च्या 26 जुलैलाही चिपळूण बुडालं होतं. म्हणून पॉलिसी जूनच्या आधी सुरू व्हायला हवी. वाशिष्ठी इशारा पातळीला पोचल्यावर घेतलेली पॉलिसी मिळाली तरी ती पॉलिसीवरच्या वेळेपासून पुढे चालते, मागे जात नाही.

काजूबोंडू
मालकांच्या एसी आणि कपाटाचं काय? करारात 'नुकसान झाल्यास भाडेकरू भरून देईल' असं असतं ना.

फणसगरे
करारासोबत मालकांच्या वस्तूंची यादी जोडलेली असते, ती आधी वाचा. त्या वस्तू तुमच्या चार लाखांत धरू नका, त्यांची मालकी तुमची नाही. मालकांनी त्यांच्या पॉलिसीत त्या दाखवल्यात का, एवढं विचारा. करारात पुराच्या नुकसानाची जबाबदारी तुमच्यावर ढकलली असेल तर ते वाक्य बदलून घ्या. सामान्य वापरातली तुटफूट भाडेकरूची, निसर्गाने केलेली मालकाची, असं स्पष्ट लिहून घेता येतं.

सर्व्हे_सांगतो
इथे मी थोडा वेगळा आहे. करारात जबाबदारी भाडेकरूवर असेल तर त्याचं त्या एसीत आर्थिक हित आहे, म्हणून 'मालकाच्या, माझ्या ताब्यातील वस्तू' असं स्पष्ट लिहून त्या धरायला काही कंपन्या तयार होतात. पण ते पॉलिसीवर लेखी हवं. तोंडी 'हो हो, होऊन जाईल' नको.

फणसगरे
लेखी दिलं तर माझी हरकत नाही. मला दिसलेल्या बहुतेक पॉलिसींत ते नव्हतं.

मालगुंडकर_काकू
पूर आल्यावर राहायला दुसरीकडे भाडं भरावं लागलं तर?

फणसगरे
पर्यायी राहण्याच्या भाड्याची तरतूद पॉलिसीत घराच्या भागाशी जोडलेली आहे. फक्त सामान असलेल्या भाडेकरूला ती लागू होते का, हे कंपनीकडून ईमेलवर विचारून घ्या. मी 'हो' म्हणून हमी देणार नाही.

रातांबा
एजंटने फोड दिली. बिल्डिंग 15 लाख, सामान 3 लाख, घरफोडी, मशीन बिघाड आणि दोघांचा अपघात विमा असं सगळं होतं. बिल्डिंग काढायला सांगितली तर म्हणाला, "सिस्टीममध्ये तसं होत नाही." मी म्हटलं, मग दुसरीकडे बघतो. तासाभराने फक्त सामान, चार लाख, असं नवीन कोट आलं, जीएसटी धरून आधीच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. घरफोडीचं अजून ठरत नाही. काजूबोंडूंचं म्हणणंही पटतंय.

दोन प्रश्न. भिंतीवर लावलेला प्युरिफायर सामानात येतो का? आणि 11 महिन्यांनी घर बदललं तर?

फणसगरे
भिंतीवर लावलेली विजेची उपकरणं सामानात येतात, ती तुमची असली की झालं.

घर बदललं तर पॉलिसी आपोआप मागे येत नाही, ती पत्त्याला बांधलेली आहे. नव्या कराराची प्रत देऊन सामान हलवायच्या आधी पत्ता बदलून घ्या, बदलाची नोंद कागदावर हवी. टेम्पोत असताना काही झालं तर ते या पॉलिसीत नाही. त्याच घरात करार वाढला तर काही करावं लागत नाही. आणि प्रस्तावात 'भाडेकरू' आणि 'पहिला मजला' दोन्ही लिहिलंय का बघा, कोटवर मजला बहुतेक रिकामाच सोडतात.

रातांबा
बघितलं, मजला रिकामाच होता, भरून घेतला. आता सिरीयल नंबरचे फोटो काढतोय. वॉशिंग मशीनची पट्टी मागे असेल तर ते भिंतीला लागलेलं आहे, सरकवावं लागेल.

सर्व्हे_सांगतो
समोरून दार उघडणारं असेल तर सरकवू नका. दार उघडा, गोल तोंडाच्या कडेवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला पट्टी असते. फ्रिजचीही आतच असते, बहुतेकदा भाजीच्या ट्रेच्या बाजूला भिंतीवर. टॉर्च तिरका धरून फोटो घ्या, समोरून धरला तर चकाकीने आकडे वाचता येत नाहीत.